पिशवीवरची तारीख

सोमवारी माझं दुकान बंद असतं. त्या दिवशी मागच्या खोलीत पोती फोडून आम्ही अर्ध्या, एक आणि दोन किलोच्या पिशव्या भरतो. मुलगा वजन करतो, मी सीलरवर पिशवीचं तोंड दाबतो आणि लेबल चिकटवतो. लेबलवर परवान्याचा नंबर, वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख असते. ती तारीख त्या सोमवारची. पोतं गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कधी आलं, त्यातली तूर शेतातून कधी निघाली, ती मिलमध्ये कधी भरडली, यातलं काहीच त्या तारखेत नसतं. बावीस वर्षं मी ती चिकटवतो आहे. त्यात खोटं काही नाही, पिशवी त्याच दिवशी भरलेली असते. पण गिऱ्हाईक ती वाचून म्हणतं, "ताजी दिसतेय डाळ." मी काही बोलत नसे.

बोलायला लागलो ते एका जुलैपासून. समोरच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी पाठवतात. घरात चार माणसं. तीन किलो तूरडाळ, पंधरा किलो आटा, एक किलो मूगडाळ, एक किलो बेसन, अर्धा किलो अख्खे मूग, अर्धा मटकी, अशी ती यादी वर्षानुवर्षं फारशी बदललेली नाही. तूरडाळ त्या एका मोठ्या ब्रँडची घेतात, माझ्या भरलेल्या पिशवीतली नाही. त्या जुलैत त्या फोडलेली पिशवी हातात घेऊनच आल्या.

"भाऊ, डाळीत काय झालंय? चार शिट्ट्यांत लोण्यासारखी व्हायची. काल सात शिट्ट्या केल्या तरी घोटली जाईना. वरती पाणी, खाली दाणे."

मी पिशवी उलटी करून तारीख पाहिली. पॅकिंग जुलैच्या दोन तारखेचं होतं, म्हणजे जेमतेम नऊ दिवसांचं. मी म्हटलं, "वहिनी, याहून ताजी कुठली आणू?" त्या म्हणाल्या, "तेच तर. डब्यात मार्चमधली थोडी उरली होती, तीच छान शिजली." माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. नवी तारीख शिजत नव्हती आणि जुनी शिजत होती.

याचं उत्तर मला यायला हवं होतं, कारण दुकान टाकण्याआधी चार वर्षं मी लातूरला एका डाळ मिलमध्ये कामाला होतो. तूर तिथे डाळ कशी होते ते रोज बघत होतो. आधी तूर चाळून खडे-माती काढायची. मग एमरीच्या रोलरवर ती एकदा फिरवायची, सालाला नुसते ओरखडे पडावेत इतकीच. त्यानंतर तेल लावायचं, क्विंटलला साधारण पाव ते अर्धा किलो, आणि रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, म्हणजे तेल सालाखाली उतरतं. मग दोन-तीन दिवस फरशीवर ऊन द्यायचं, वरून पाणी मारायचं, पुन्हा एक रात्र ढीग, आणि मग खरा रोलर. साल आणि डाळ यांच्यामध्ये जो चिकट थर असतो, तो सुटावा म्हणून हा सगळा खटाटोप. तुरीचं साल फार घट्ट बसलेलं असतं. हरभरा या मानाने गरीब. शंभर किलो तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडली की मालक खूश असायचे. बाकी टरफल, चुणी आणि कणी, ते जनावरांना जायचं. साल निघालेला पण न फुटलेला अख्खा दाणा म्हणजे गोटा. तो गोटा वेगळा फोडून केलेली डाळ म्हणजे फटका. तिच्या कडा शाबूत असतात, ती सर्वांत महाग जाते. आधी फुटून मग रोलरवर घासली गेलेली डाळ गोलसर, कडा झिजलेली असते. चवीला दोन्ही सारख्याच, भाव मात्र वेगळा.

ही झाली कोरडी पद्धत. खेड्यात अजून काही घरी तूर भिजवून, तांबडी माती चोळून, वाळवून जात्यावर भरडतात. त्या ओल्या पद्धतीची डाळ चपटी असते आणि तिच्या मधोमध एक छोटी खळी पडते. साल छान निघतं, पण शिजायला ती जास्त वेळ घेते. वहिनींच्या डाळीला खळी नव्हती, कडा शाबूत होत्या. म्हणजे दोष भरडण्याच्या पद्धतीत नव्हता.

लातूरच्या जुन्या सहकाऱ्याला मी दोन्ही डाळींची मूठमूठ पुडीत बांधून एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली. त्याने फोनवर दोन वाक्यांत निकाल दिला. "मार्चची पिवळी आहे, नव्या तुरीची. जुलैची तांबूस पडलीय, ती तूर दोन पावसाळे गोदामात बसलेली दिसते." तूर डिसेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत बाजारात येते. मार्चमध्ये भरलेल्या पिशवीत बहुतेक करून नव्या तुरीची डाळ असते. जुलैच्या पिशवीत नवीही असेल किंवा कुणीतरी भाव चढेपर्यंत धरून ठेवलेली मागची तूरही असेल, आणि परदेशातून आलेला मालही असू शकतो. पिशवीवर तारीख तीच येणार, पॅकिंगची.

उष्ण, दमट जागी कडधान्य महिनोन्‌महिने राहिलं की ते शिजायला हट्टी होतं. दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा एक डिंकासारखा पदार्थ असतो. एरवी गरम पाण्यात तो विरघळतो आणि डाळ मोडते. जुन्या दाण्यात तो कॅल्शियमशी बांधला जातो आणि सुटत नाही. मग तुम्ही शिट्ट्या मोजत बसता. एकदा हट्टी झालेली डाळ पुन्हा मऊ स्वभावाची होत नाही. भिजवून थोडी वाकवता येते, इतकंच.

हे मी वहिनींना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "पण सोसायटीत महिनाभर टँकर चालू आहे, त्याचं काय?" मी गप्पच झालो. टँकरचं पाणी म्हणजे बहुतेक बोअरचं, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियमच जास्त. म्हणजे तोच चोर मागच्या दाराने. डाळीचा दोष किती आणि पाण्याचा किती, हे डोक्याने ठरवण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही करून बघितलं.

माझ्या बायकोने पाच लिटरचा कुकर आणि तीन सारखे डबे दिले. एका डब्यात मार्चची डाळ, दुसऱ्यात जुलैची, तिसऱ्यात माझ्याकडची सुटी, लातूरहून फेब्रुवारीत उतरलेल्या पोत्यातली. प्रत्येकी पन्नास ग्रॅम डाळ, दीडशे मिलिलिटर पाणी. मीठ, हळद, हिंग, तेल काही नाही. चार शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. पहिल्यांदा आमच्या नळाचं पाणी, मग वहिनींनी बाटलीत आणलेलं टँकरचं. मुलगी म्हणाली, "बाबा, खालच्या डब्याला जास्त आच लागणार." बरोबर होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी डब्यांचा क्रम उलटा लावून सगळं पुन्हा केलं.

नळाच्या पाण्यात मार्चची आणि लातूरची डाळ चमच्याच्या पाठीने सहज मोडली. जुलैची अर्धीमुर्धी, बोटात धरली की मधे कण लागत होता. टँकरच्या पाण्यात चांगल्या दोन्ही डाळीसुद्धा किंचित रवाळ राहिल्या, आणि जुलैची तर कच्चीच म्हणावी अशी. म्हणजे दोष दोघांचा होता, डाळीचा मोठा आणि पाण्याचा धाकटा. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे, पण घरातल्या कुकरपुरता पुरेसा होता. टँकरचं पाणी खळखळून उकळून गार केलं, तळाशी पांढरा थर बसू दिला आणि वरचंच पाणी घेतलं, तेव्हा चांगली डाळ पुन्हा नीट शिजली. जुलैची काही सुधारली नाही. ती पिशवी मी परत घेतली. वहिनी तेव्हापासून चिंच-टोमॅटोही डाळ घोटल्यानंतरच घालतात, कारण आंबटाने डाळ आणखी अडून बसते.

तेव्हापासून तुरीच्या डाळीसाठी मी तारखेच्या आधी रंग पाहतो. पिशवी पारदर्शक असेल तर उजेडात धरायची. फिकट पिवळी डाळ चांगली. तांबूस झाक, तळाशी पिवळा भुगा, कडांचे तुकडे दिसले तर ती ब्रँडची असो की माझी, दोन किलो एकदम घ्यायची नाही. अर्धा किलो घेऊन आधी कुकर लावून बघायचा. महिन्याचं सामान भरणाऱ्या घराची खरी चूक इथेच होते. एकदा ब्रँड ठरला की तीन किलो डोळे मिटून. त्या ब्रँडचा कारखाना तोच असतो, पोतं तेच असेल असं नाही.

आता "अनपॉलिश्ड" शब्दाबद्दल. हल्ली अर्ध्या पिशव्यांवर तो असतो, आणि किंमतही त्या शब्दाची वेगळी. पॉलिश म्हणजे मिलमधली शेवटची पायरी. डाळ चामड्याच्या किंवा नायलॉनच्या पट्ट्यांच्या रोलरमधून जाते, कधी पाण्याचा, कधी तेलाचा हात देऊन, कुठे पांढरी भुकटी लावून. डाळ चमकते, पोषण वाढत नाही. ही पायरी टाळली तर ती अनपॉलिश्ड. पण साल काढण्यासाठी लावलेलं तेल तिलाही लागलेलं असतंच. "अनपॉलिश्ड म्हणजे तेलच नाही" असं समजून कुणी जास्त पैसे मोजत असेल तर ते त्या समजुतीचे पैसे. बोटांना थोडी पीठी लागते, चमक नसते, दाणे एका रंगाचे नसतात, एवढं दिसलं तर मी शब्दावर विश्वास ठेवतो. आरशासारख्या चकाकणाऱ्या डाळीवर तोच शब्द छापलेला दिसला की ती पिशवी खाली ठेवतो.

आट्याची गोष्ट डाळीच्या अगदी उलटी आहे. डाळीची तारीख पिशवीची असते, पण आट्याची तारीख बहुतेक दळणाचीच असते, कारण कारखान्यात दळलं की पोत्यात पडून राहू न देता सरळ पिशवीत भरतात. म्हणून तिथे तारीखच पाहायची आणि कसून पाहायची. गव्हाच्या अंकुरात तेल असतं. दाणा अख्खा असेपर्यंत ते जपलं जातं. दळल्याबरोबर ते हवेला लागतं आणि खवट व्हायला सुरुवात होते. पिशवीवर तीन महिने लिहिलेले असतात, ते बंद पिशवीचे, थंड कोरड्या जागेतले. माझ्या गोदामाला पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्यात तिथे वरच्या फळीवर ठेवलेल्या आट्याच्या दहा पिशव्या मी एकदा महिनाभर विसरलो. मुदत संपायला सहा आठवडे बाकी होते. तीन गिऱ्हाइकांनी पोळी कडवट लागते म्हणून त्या परत आणल्या, आणि पिठाला जुन्या शेंगदाण्यासारखा वास होता. कंपनीचा काही दोष नव्हता, फळी माझी होती. तेव्हापासून आटा खालच्या फळीवर, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून सुटा.

"चक्की" या शब्दालाही लोक भुलतात, पण तो अगदीच पोकळ नाही. रोलर मिलमध्ये गव्हाचा कोंडा, अंकुर आणि आतला पांढरा भाग वेगळा निघतो, त्यातून मैदा-रवा होतो. काही ठिकाणी तेच परत एकत्र करून आटा म्हणून विकतात. दगडी चक्कीत सगळं एकत्र चिरडलं जातं, पीठ गरम होतं आणि त्यातला स्टार्च थोडा फुटतो. फुटलेला स्टार्च पाणी जास्त धरतो, म्हणून त्या पिठाची पोळी डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ राहते. घरी पाहायचं तर शंभर ग्रॅम पीठ घ्या आणि कणीक नेहमीसारखी होईपर्यंत किती चमचे पाणी लागतं ते मोजा. दोन ब्रँडांत तीन-चार चमच्यांचा फरक पडतो, आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिठाच्या पोळ्यांची तक्रार माझ्याकडे फारशी येत नाही. मागची बाजूही वाचावी. घटकांत फक्त गहू असेल तर ठीक. "रिफाइन्ड व्हीट फ्लोअर" दिसलं की तो मैदा, पुढच्या बाजूला कितीही सोनेरी लोंब्या काढलेल्या असोत.

वहिनींच्या घरी रोज साधारण अर्धा किलो पीठ लागतं, म्हणून पंधरा किलो. पूर्वी त्या दहाची एक आणि पाचची एक पिशवी घेत, कारण दहाच्या पिशवीत किलोमागे दोन-तीन रुपये वाचतात. दहाची फोडली की ती वीस दिवस उघडी राहते. पावसाळ्यात त्यात जाळ्या धरतात, मग निम्मं पीठ चाळून-टाकून जातं आणि वाचलेले तीस रुपये कुठे गेले कळत नाही. आता त्या पाच-पाच किलोच्या तीन घेतात. जून ते सप्टेंबर दोनच नेतात, तिसरी पंधरा तारखेनंतर.

घरचा गहू गिरणीत दळून आणणाऱ्यांना मी अडवत नाही, माझा आटा खपला नाही तरी. लोकवन असो की सिहोर, दाणा अख्खा असतो तोवर महिनेच्या महिने राहतो. फक्त आठ-दहा दिवसांपुरतंच दळावं. गिरणीवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात. आधी कुणाचं काय दळलं, कारण पुढच्याची ज्वारी थोडी तरी तुमच्या पिठात येते आणि पोळी लाटताना फाटते. आणि दगडाला टाकी केव्हा लावली, कारण टाकी लावल्यावरच्या पहिल्या दळणात कचकच येते. पीठ घरी आलं की गरम असतं. डब्यात तसंच भरून झाकण लावलं तर आत दंव धरतं, गुठळ्या होतात आणि कुबट वास येतो. ताटात पसरून हाताला गार लागल्यावर भरायचं. एवढ्या एका गोष्टीमुळे गिरणीचं पीठ बदनाम झालेलं मी पाहिलं आहे.

साठवणीचे जे दावे पिशवीवर असतात, त्यातला तपासता येण्यासारखा एकच. व्हॅक्यूम पॅक. हवा काढलेली पिशवी विटेसारखी कडक असते. ती हाताला सैल लागली, दाणे आत सळसळले, की कुठेतरी छिद्र पडलंय आणि दावा संपला. झिपची पिशवी चांगली, पण ती लोक एका हाताने घाईत लावतात, टोकाला बोटभर उघडी राहते. त्यापेक्षा स्टीलचा घट्ट डबा बरा.

अख्ख्या कडधान्यांचं दुखणं वेगळं. वहिनींच्या यादीत मूग आणि मटकी अर्धा-अर्धा किलोच असते, आणि ते बरोबर आहे. कडधान्याचा भुंगेरा दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखी अंडी घालतो, अळी आत शिरते, आणि उन्हाळ्यात सुमारे महिनाभरात गोल भोक पाडून नवा भुंगेरा बाहेर येतो. म्हणजे महिन्याच्या खरेदीचा आणि त्याच्या आयुष्याचा हिशोब जवळजवळ एकच. पहिल्या तारखेला स्वच्छ दिसलेले मूग तीस तारखेला भोकं पडलेले निघतात, आणि दोष दुकानदारावर येतो. कधी तो असतोही. आणल्या दिवशी ताटात पसरून पांढरे ठिपके शोधायचे. दिसले किंवा शंका आली तर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे, मग पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडायची, नाहीतर वरून पाणी सुटतं. फोडलेल्या डाळीवर हा भुंगेरा फारसा जात नाही. आईच्या पिढीत तूरडाळीला एरंडेल चोळून ठेवायचे. ते वर्षाच्या साठवणीसाठी होतं, महिन्याच्या डाळीला त्याची गरज नाही.

बेसनाचं एवढंच सांगतो, की दिवाळीचं बेसन दिवाळीलाच घ्यावं. सणाआधी दोन महिने भरून ठेवलेलं बेसन कुठल्याच दुकानात ताजं नसतं, माझ्याही नाही.

आता मी सोमवारी भरतो त्या तूरडाळीच्या पिशव्यांवर लेबलखाली पेनाने एक ओळ लिहितो, पोतं कोणत्या महिन्यात उतरलं ती. कायद्याने मागितलेलं नाही. मुलगा कुरकुरतो, कारण जून-जुलैत "पोतं फेब्रुवारीचं" वाचून काही गिऱ्हाइकं पिशवी परत ठेवतात. त्यांना मी सांगतो की तुरीच्या डाळीला फेब्रुवारी हीच चांगली तारीख. काही ऐकतात, काही मोठ्या ब्रँडची परवाची पिशवी उचलून नेतात.

तुमच्या दुकानदाराला कधीतरी विचारून पाहा, "पोतं कधीचं आहे?" त्याला ते माहीत असतं.